पाहुणा पडला तर आधी लिहा, मग फरशी पुसा

«हॉटेलवाल्यांनो, गिऱ्हाइकाला लागलं तर कागदावर एक अक्षर लिहू नका, लिहिलं की चूक कबूल केल्यासारखं होतं. आधी फरशी पुसून घ्या. हजार-दोन हजार हातात देऊन प्रेमाने रवाना करा, गाडी निघाली की विषय संपला. कधी गरज पडलीच तर कॅमेऱ्यात सगळं आहेच.»

हा सल्ला मी एकदा अक्षरशः पाळला आहे. भुसावळ-धुळे हायवेवरचं हॉटेल, मे महिना, दुपारची सव्वादोनची वेळ. लग्नाहून परतणारं वऱ्हाड शेवभाजी खाऊन उठलं आणि साठीच्या एक मावशी हात धुवायला निघाल्या. वाटेतल्या डेझर्ट कूलरचा फ्लोट अडकला होता, टाकी भरून वाहत होती. मावशी उजव्या हातावर पडल्या. मी बर्फ लावला, दोन हजार दिले, पोऱ्याकडून पाणी पुसून घेतलं आणि हात जोडून निरोप दिला. साडेतीन महिन्यांनी वकिलाची नोटीस आली. तेलकट फरशी, अंधार, कोणी मदतीला आलं नाही आणि खुब्याचं हाड मोडलं, असं तिच्यात लिहिलं होतं. पुसणारा पोऱ्या तोवर त्याच्या गावी निघून गेला होता. माझ्याकडे दाखवायला एक चिठ्ठीही नव्हती. नोटिशीतलं किती खरं आणि किती नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

आता एकेक मुद्दा घेतो.

कबुलीची भीती समजण्यासारखी आहे, पण ती चुकीच्या जागी आहे. नडतं ते मत. «पोऱ्याने हलगर्जीपणा केला», «मावशींनी नीट पाहिलं नाही», «मनगट फ्रॅक्चर झालं» ही तिन्ही मतं आहेत. पहिली दोन ठरवणं आपलं काम नाही आणि तिसरं डॉक्टरचं आहे. आपण फक्त दिसलं ते लिहायचं. उजव्या मनगटावर अंगठ्याच्या बाजूला सूज, बोटं हलवता येतात, रक्त नाही, खुबा दुखत असल्याचं बोलल्या नाहीत, गाडीपर्यंत मुलाच्या आधाराने चालत गेल्या, तीन पायऱ्या उतरल्या. शेवटच्या दोन गोष्टी त्या दिवशी कागदावर असत्या, तर खुब्याबद्दल डॉक्टरांना विचारायला काहीतरी हाताशी राहिलं असतं.

पाहुण्याचं बोलणं त्याच्याच शब्दांत लिहा. मावशी अहिराणीत म्हणाल्या होत्या, «पानी व्हतं, पाय सरकना.» असंच्या असं उतरवायचं, प्रमाण मराठीत आणायला जायचं नाही. माझ्या एका सहकाऱ्याने अशाच एका प्रसंगी «चक्कर येऊन पडल्या» असं आपल्या भाषेत लिहून टाकलं होतं. पाय सरकणं आणि चक्कर येणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात फरशीकडे बघावं लागतं, दुसऱ्यात माणसाच्या तब्येतीकडे. नंतर खाडाखोड करू नका. चुकलेल्या शब्दावर एकच रेघ मारा, खालचा शब्द वाचता आला पाहिजे, शेजारी सही आणि वेळ टाका.

फरशी पुसण्याचा मुद्दा सगळ्यात घातक आहे, म्हणून त्यावर थोडा थांबतो. दुसरं कुणी पडू नये म्हणून जागा अडवायलाच हवी, पण त्यासाठी दोन खुर्च्या आडव्या लावल्या आणि एक वेटर उभा केला तरी भागतं. पुसण्याआधीची दोन-तीन मिनिटं फोटोची. एक फोटो लांबून, ज्यात कूलर, बेसिन आणि टेबलं एकत्र दिसतील. एक मधल्या अंतरावरून, पाहुणा ज्या दिशेने आला त्या दिशेने. एक जवळून, पाण्याच्या कडेला दहा रुपयांचं नाणं ठेवून, म्हणजे डबकं केवढं होतं ते कळेल. दिवे जसे होते तसेच राहू द्या. फोटोसाठी जास्तीचा दिवा लावला की अंधार होता की उजेड, हा प्रश्न कायमचा अनुत्तरित राहतो. तेलाची शंका असेल तर पांढरा टिश्यू फरशीवर टेकवून बघा. पाणी वाळून जातं, तेलाचा डाग कागदावर राहतो. टिश्यू पिशवीत घालून ठेवा. पाहुण्याची परवानगी असेल तर चपलेच्या तळव्याचाही फोटो घ्या.

एवढं कशासाठी? कारण पुढे खरा प्रश्न एकच असतो: पाणी किती वेळ तिथे होतं, आणि आपल्या माणसांना ते कळायला हवं होतं का. याचं उत्तर पाण्यातच असतं. डबक्यातून धुळीचे पाय चार दिशांना गेले असतील, कडा वाळून पांढरट झाल्या असतील, तर ते बराच वेळ साचलेलं आहे. पायांचे ठसे नसतील आणि कडा ओल्या असतील, तर ते ताजं असण्याची शक्यता जास्त. कूलर अजून गळत असेल तर खाली पेला ठेवा आणि दहा मिनिटांत किती भरतो ते लिहा. त्यावरून डबकं साचायला किती वेळ लागला असेल, याचा अंदाज बांधता येतो. मग शेवटचा पोछा कुणी आणि किती वाजता मारला, त्या वेळी ती जागा कोरडी कुणी पाहिली, हे त्या त्या माणसाला विचारून त्याच्या नावासकट लिहा. उत्तर आपल्या विरुद्ध जात असेल तरी लिहा. मावशींना खरोखर लागलं होतं, आणि त्या कागदावर त्यांचाही हक्क होता.

पैशांबद्दल थोडक्यात. पब्लिक लायबिलिटी पॉलिसी असेल तर ती काढून वाचा. विमा कंपनीच्या लेखी संमतीशिवाय पैसे देऊ नयेत, जबाबदारी मान्य करू नये, अशी अट अशा पॉलिसीत सहसा असते. घटना लगेच कळवायचीही अट असते. उपचाराला नेणं, १०८ ला फोन करणं यात कसलीच अडचण नाही. कुणी, किती वाजता फोन केला, आणि पाहुण्याने नको म्हटलं असेल तर त्याचे शब्द, एवढं लिहा. गाडी निघाल्याने विषय संपत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ६९ नुसार तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे.

कॅमेऱ्याच्या भरवशावर तर अजिबात राहू नका. डीव्हीआरची डिस्क भरली की जुन्यावर नवं चढतं. आठ कॅमेरे आणि लहान डिस्क असेल तर हे आठ-दहा दिवसांतही होतं, आणि नोटीस महिन्यांनी येते. माझं असंच गेलं. त्याच दिवशी, घटनेच्या एक तास आधीपासून पाहुण्याची गाडी निघेपर्यंतचं चित्रण पेन ड्राइव्हवर काढा. फक्त पडण्याची दोन मिनिटं काढली तर पाणी कधी साचलं ते दिसणारच नाही. डीव्हीआरचं घड्याळ मोबाइलशी ताडून फरक लिहा. अकरा मिनिटांचा फरक सहज सापडतो, आणि मग कागदावरची वेळ खोटी वाटू लागते. कॉपी कुणी, कधी काढली तेही नोंदवा, कारण भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ नुसार अशा चित्रणासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते चित्रण कुणाच्या मोबाइलवर फिरू देऊ नका.

आणि कॅमेऱ्याला पलीकडच्या टेबलावरचे साक्षीदार ओळखता येत नाहीत. ते आपल्या माणसांच्या आधी उठून जातात, म्हणून बर्फ आणायला वेटर धावला की मॅनेजरने त्यांच्याकडे जावं. दोघांचं नाव आणि मोबाइल नंबर, कुठे बसले होते, पडताना पाहिलं की नंतर आवाज ऐकून वळले, एवढंच विचारावं. पाहुण्याने स्वतःचं नाव द्यायला नकार दिला तर «नकार दिला» असं लिहावं, कुणासोबत गेला ते आणि गाडीचा नंबर टाकावा, आणि खाली वेळेसह सही करावी.