दहा टक्के इकडे-तिकडे चालतंच की!

दिवाळीच्या चिवड्यासाठी ४०,००० छापील पाऊच मागवायचे आहेत ना? मग एक पथ्य पाळा. माल किती कमी-जास्त आला तर चालेल, हे पुरवठादाराला लेखी विचारू नका. असले प्रश्न संशयी माणसं विचारतात. तुम्ही फोनवर ‘थोडं मागेपुढे चालेल’ म्हणा आणि छपाईच्या सिलिंडरचे पैसे भरून मोकळे व्हा.

‘थोडं’ म्हणजे किती, हे छपाईवाल्याला पाठ असतं. मशीनवर रंग जुळेपर्यंत काही मीटर फिल्म वाया जाते, मग लॅमिनेशनमध्ये थोडी, पाऊच कापताना आणखी थोडी. हे नुकसान आधी नेमकं सांगता येत नाही, म्हणून तो फिल्म जादाच चढवतो. नुकसान कमी झालं की पाऊच उरतात. त्यांवर तुमचं नाव असल्यामुळे ते दुसऱ्या कुणाला विकता येत नाहीत, म्हणून तुमच्याच बिलात येतात. हे सगळं अगदी खरं आहे. त्यामुळे प्लस-मायनस दहा टक्के मागण्यात त्याची लबाडी नाही. तुम्ही आकडा न विचारणं हा मात्र तुमचा दिलदारपणा.

ऑर्डर नगावर न देता किलोवर दिलीत तर गंमत वाढते. २० बाय २८ सेंटिमीटरचा, १२ मायक्रॉन पॉलिएस्टर आणि ५० मायक्रॉन पॉलीचा पाऊच साधारण साडेसात ग्रॅमचा भरतो. म्हणजे ४०,००० नगांना ३०० किलो. आता वजनात दहा टक्के कमी चालतं म्हणून २७० किलो आले आणि फिल्म दहा टक्के जाड निघाली, तर एक पाऊच सव्वाआठ ग्रॅमचा होतो आणि नग भरतात ३२,७०० च्या आसपास. कागदावर दोन्ही फरक ‘दहा टक्क्यांत’, आणि ७,३०० पाऊच गायब! पिशवीत हात घालून मोजायला जाऊ नका. दहा पाऊच काट्यावर ठेवले तर ७५ ग्रॅमऐवजी ८२ दिसतात, आणि उगाच रंगाचा बेरंग होतो.

चार चवींचे दहा-दहा हजार पाऊच असतील, तर दहा टक्के एकूण संख्येवर की प्रत्येक डिझाइनवर, हेही मोघमच राहू द्या. मग तीन चवींचे दहा-दहा हजार आणि लसूण चिवड्याचे ६,००० आले, तरी एकूण ३६,००० म्हणजे सारं काही ठरल्याप्रमाणेच. लसूणवाल्यांना पोह्याचा चिवडा द्या, सणासुदीला कोण भांडतं? नुसते ४,००० पुन्हा छापून मागाल तर पुरवठादार किमान ऑर्डरचा आकडा सांगेल, तोही प्रेमाने.

कायद्यावर विसंबायचं असेल तर जरूर विसंबा. १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम ३७ म्हणतं, कमी माल आला तर तुम्ही तो नाकारू शकता, आणि जास्त आला तर ठरल्याइतका ठेवून बाकीचा किंवा सगळाच नाकारू शकता. छान ना? पण त्याच कलमाचं चौथं पोटकलम सांगतं की व्यापारातली रूढ पद्धत, वेगळा करार किंवा दोघांमधला आजवरचा व्यवहार याला हे बाधा आणत नाही. मागच्या वर्षी ४३,००० आलेले पाऊच तुम्ही निमूट उतरवून घेतलेत, हे पुरवठादार विसरलेला नसतो.

आणि चुकूनही हा मजकूर पाठवू नका: ‘प्रत्येक डिझाइनचे १०,००० नग. कमी एकही नको, जास्त पाच टक्क्यांपर्यंत चालतील, त्यापुढचे घेणार नाही. बिल प्रत्यक्ष मोजलेल्या नगांवर, किलोवर नाही. मान्य असल्यास सिलिंडर बनवण्याआधी याच मेलवर उत्तर द्यावे.’ असं पाठवलं की समोरचा दर थोडा वाढवून मागतो किंवा ‘जास्त दहा टक्के ठेवा’ म्हणतो. कमी आलं तर सणात अडतं, जास्त आलं तर नुसते पैसे अडकतात, हे तुम्हाला कळलंय असा त्याचा समज होतो. मग घासाघीस होऊन एक आकडा ठरतो, तो पर्चेस ऑर्डरवर छापला जातो आणि वादाला जागाच उरत नाही. काय मजा त्यात?

त्यापेक्षा व्हॉट्सॲपवर अंगठा आला की समाधान माना. तो अंगठा दराला होता, तारखेला होता की ‘थोडं मागेपुढे’ला, हे टेम्पो दारात उभा राहिल्यावर बघू. तोवर माळा रिकामा करून ठेवा, गेल्या वर्षीच्या छापील किमतीचे ३,००० पाऊच अजून तिथेच आहेत.