K 5.8 ?hemolysed. Rpt today. Hold telmi.

माझ्या आत्याच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी व्हॉट्सअॅपवर एवढेच लिहिले होते. आत्याचे वय सत्तरीच्या पुढे आहे, मधुमेह आहे, रक्तदाबासाठी ती टेल्मिसार्टन घेते. मेसेज वाचून घरातल्या प्रत्येकाने वेगळा अर्थ काढला. एकाला किडनी गेल्याची भीती वाटली, तर दुसऱ्याचे म्हणणे असे पडले की बाईला काहीच त्रास होत नाही, तेव्हा उद्या-परवा बघू. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते आणि असे मेसेज घेऊन काउंटरवर आलेली माणसे रोज पाहते, म्हणून हे जरा सविस्तर लिहीत आहे.

अशा मेसेजमध्ये आपली नजर आकड्यावर खिळते. माझ्या मते आधी वेळ आणि कृती सांगणारे शब्द वाचावेत. इथे वेळ आहे ‘आज’, आणि कृती दोन आहेत: तपासणी पुन्हा करणे आणि टेल्मिसार्टन तूर्त थांबवणे. निदान कुठेही लिहिलेले नाही. डॉक्टरांनी टाकलेले प्रश्नचिन्हही महत्त्वाचे आहे, कारण त्यांना या आकड्याबद्दलच शंका आहे.

ही शंका का येते, ते समजून घेतले तर बरीच भीती ओसरते. K म्हणजे पोटॅशियम. रक्तातले त्याचे प्रमाण साधारण 3.5 ते 5 असते. पण तांबड्या पेशींच्या आत ते याच्या कितीतरी पट असते. रक्त काढताना सुई फारच बारीक असली, सिरिंज जोरात ओढली किंवा नळी जोरजोरात हलवली, तर पेशी फुटतात आणि त्यांच्यातले पोटॅशियम नमुन्यात मिसळते. यालाच हिमोलिसिस म्हणतात. पेशी वेगळ्या केल्यावर पिवळसर दिसायला हवे असलेले सिरम गुलाबी किंवा लालसर दिसते, आणि लॅब तशी नोंद बहुधा रिपोर्टच्या तळाशी करते. दंडाला पट्टा आवळून वारंवार मूठ उघडझाप करायला लावली, तर पेशी न फुटताही आकडा वाढतो. घरून घेतलेल्या नमुन्यातल्या पेशी वेगळ्या करायला फार उशीर झाला तरी तसेच होते.

मात्र नमुना खराब होता याचा अर्थ पोटॅशियम नॉर्मल आहे असा होत नाही. टेल्मिसार्टनने पोटॅशियम खरोखरही वाढू शकते, आणि मधुमेहामुळे किडनीचे काम मंदावले असेल तर अधिकच. ते खूप वाढले तर हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो, आणि तोवर माणसाला काही जाणवेलच असे नाही. म्हणूनच त्रास नाही या कारणाने ‘आज’चे ‘उद्या’ करू नये.

आता उलट काय विचारायचे? ‘काळजीचे काही नाही ना?’ हा प्रश्न मला निरुपयोगी वाटतो, कारण त्याच्या उत्तराने आपण काय करायचे ते ठरत नाही. एकाच मेसेजमध्ये, एका ओळीत उत्तर देता येतील असे प्रश्न पाठवावेत आणि डॉक्टरांना ठाऊक नसेल ती माहिती त्यासोबत द्यावी. आत्याच्या मुलाकडून आम्ही असे लिहून घेतले:

‘सर, रिपोर्टच्या तळाशी सॅम्पल हिमोलाइज्ड असल्याची नोंद आहे. आज संध्याकाळी लॅबमध्ये जाऊन पुन्हा रक्त देतो. सोबत क्रिएटिनिन करायचे का? ईसीजी हवा का? टेल्मिसार्टन किती दिवस बंद ठेवायची, आणि बीपी कितीच्या वर गेल्यास कळवू? आई दोन महिन्यांपासून लो सोडियम मीठ खाते. आत्ता छातीत धडधड, अशक्तपणा किंवा चक्कर नाही.’

यातली मिठाची ओळ मला सर्वांत मोलाची वाटते. लो सोडियम मिठात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. रक्तदाबासाठी चांगले म्हणून घरोघरी ते आणले जाते, पण टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असताना डॉक्टरांना हे सांगायचे कुणाला सुचत नाही. रोजचे शहाळे, दुखण्यावरच्या गोळ्या आणि आयुर्वेदिक चूर्णेही अशीच सांगायची राहून जातात. आणि धडधड, हातापायांतली ताकद गेल्यासारखे वाटणे किंवा भोवळ येणे यांतले काहीही असते, तर उत्तराची वाट न पाहता थेट इस्पितळात जायला हवे होते.

डॉक्टरांचे उत्तर आले: ‘Creat + ECG yes. Stop that salt.’ बाकीच्या दोन प्रश्नांना उत्तर नव्हते. ईसीजी ठीक निघाला आणि संध्याकाळच्या नीट काढलेल्या नमुन्यात पोटॅशियम 5.3 आले. म्हणजे सकाळच्या आकड्यातला बराचसा भाग नमुन्याच्या दोषाचा असावा, पण सगळा नव्हे. गोळी आठवडाभर बंद ठेवून पुन्हा तपासणी करायला त्यांनी सांगितले. बीपीचा प्रश्न अजून तसाच राहिला होता. रक्तदाबाची गोळी बंद असलेल्या माणसाच्या बाबतीत तो सोडून देण्यासारखा नाही, म्हणून आत्याच्या मुलाने तेवढा एकच प्रश्न पुन्हा पाठवला, आणि डॉक्टरांनी आकडा कळवला.