मुंजीच्या फोटोतली ती लाल स्टँडी

"दोन तारे. फोटो छान, पण स्टेजजवळची केटररची लाल स्टँडी काढायला नऊ दिवस लावले आणि वर साडेतीन हजार घेतले. आजकाल हे एका क्लिकचं काम आहे. एवढं करून एका फोटोत आमच्या मावशींचा हात कोपरापासून गायब!"

नमस्कार ताई,

मावशींच्या हाताबद्दल आधी माफी मागतो. ती चूक आमचीच, ती कशी झाली तेही खाली सांगतो. उशीर झाला, हेही मान्य. पण "एका क्लिकचं काम" हे वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्टँडी एकूण 186 फोटोंत होती. त्यांतले 62 सकाळचे, कॅमेरा तिपाईवर पक्का बसवून काढलेले. लाइट लावून झाल्यावर मी रिकाम्या स्टेजचा एक फोटो घेतो, उजेड बघायला. तेव्हा स्टँडी यायची होती. तोच फोटो देवासारखा धावून आला. त्यातला भिंतीचा आणि झेंडूच्या माळांचा तुकडा उचलून स्टँडीच्या जागी बसवायचा, ही कृती Photoshop मध्ये एकदा Action म्हणून नोंदवली आणि Batch लावून 62 फोटोंवर चालवली. कॅमेरा हलला नव्हता, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स हाताने बांधलेले होते, म्हणून तुकडा जिथल्या तिथे बसला. हे खरोखर एका क्लिकचं काम, आणि ते पहिल्याच रात्री झालं. दोन दिवस सांगितले होते ते याच भरवशावर, हे मात्र माझं चुकलं.

पण कॉम्प्युटरला स्टँडी कोणती आणि मावशी कोण हे कळत नाही. तो ठरलेल्या चौकोनावर भिंत चिकटवतो. 62 पैकी 11 फोटोंत कोणी ना कोणी स्टँडीच्या पुढे आलं होतं. तिथे माणसाच्या कडेने हाताने मास्क काढून त्याला परत पुढे आणावं लागतं. दहांत केलं, अकराव्यात नजर चुकली आणि मावशींच्या कोपरावर भिंत बसली. बांगड्यांसकट.

पुढचे 48 फोटो मातृभोजनानंतरचे. आजींची खुर्ची जायला वाट हवी म्हणून तिपाई हातभर डावीकडे सरकवली होती. आता जवळच्या माळा जास्त सरकतात आणि मागची भिंत कमी, त्यामुळे Auto-Align Layers ने भिंत जुळवली की माळा तुटतात, माळा जुळवल्या की भिंतीची पट्टी वाकडी होते. शिवाय दुपारी खिडकीतून ऊन आलं होतं, सकाळचा तुकडा त्यात निळसर ठिगळासारखा दिसे. प्रत्येक फोटोत दोन्ही वेगवेगळे बसवून रंग मिळवला.

उरलेले 76 भिक्षावळीचे आणि आहेराचे, हातात कॅमेरा धरून काढलेले. तिथे Content-Aware Fill वापरलं, पण ते आजूबाजूचं बघून दर वेळी नवीनच काहीतरी भरतं. एका फोटोत दोन माळा, लगेच पुढच्यात तीन! सुटा फोटो पाहिला तर कुणाला कळणार नाही, पण अल्बमच्या एका पानावर शेजारी शेजारी आले की लगेच कळतं. मग शिक्का मारल्यासारखं क्लोन करत बसायचं. आणि स्टँडी गेली तरी तिची लाल झाक बटूच्या पांढऱ्या उपरण्यावर उरतेच. तुमच्या चिरंजीवांची उजवी बाजू गुलाबी दिसत होती, ती पुन्हा पांढरी केली. हे कुणाच्या लक्षातही आलं नाही, आणि काम नीट झाल्याची खूण तीच.

पैशांचं म्हणाल तर फोटोमागे 20 रुपये फोनवर ठरले होते. त्याचे 3720 होतात, आम्ही 3500 घेतले.

आणि ताई, एक गोष्ट लिहावी की नाही असा विचार करत होतो. ती स्टँडी आम्ही ठेवली नव्हती. सकाळी साडेआठलाच मी म्हटलं होतं की ही दाराजवळ हलवू या. तेव्हा तुमचे भाऊच म्हणाले, "राहू द्या हो, आपल्याच माणसाचं केटरिंग आहे, येऊ द्या फोटोत." घरचं कार्य, मी काय बोलणार? पण दोन माणसांनी उचलून दहा पावलं नेली असती, तर हे काहीच करावं लागलं नसतं.

असो. मावशींचा फोटो काल दुरुस्त केला आहे, बांगड्या सगळ्या मोजून घ्या. अजून दोन-तीन फोटो खटकत असतील तर नंबर कळवा, पैसे घेणार नाही. पुढे तिपाई सरकली की रिकाम्या स्टेजचा फोटो परत घ्यायचा असं पोरांना सांगितलंय, बघू. अल्बम अजून छापायला दिलेला नाही, तेव्हा या आठवड्यात रामबागेतल्या दुकानावर येऊन एकदा पानं बघून जा.

मूळ फोटोही वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवलेत, स्टँडीसकट. तुमच्या भावांना हवे असतील तर पेनड्राइव्ह घेऊन या.