करंगळीला मुंग्या येत असतील तर आधी टेबलाची उंची मोजा

मी घरून अनुवादाचं काम करते. पैसे शब्दांवर मिळतात, त्यामुळे डेडलाईन असली की जेवणाच्या टेबलावरून आठ-नऊ तास हलणं होत नाही. गेल्या पावसाळ्यात डाव्या हाताच्या करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या अर्ध्या भागाला मुंग्या यायला लागल्या. सकाळी उठल्यावर जास्तच. मला वाटलं, मानेचं दुखणं असणार. मग सगळे सांगतात तशी चांगली, महागाची खुर्ची घेतली. महिनाभरात बोटं आणखी बधिर झाली.

फिजिओथेरपिस्ट ताईंनी पहिला प्रश्न विचारला, "नेमकी कुठली बोटं?" अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल तर बहुतेकदा मनगटातली नस दाबली जात असते. करंगळीची नस वेगळी. तिला अल्नर नर्व्ह म्हणतात आणि ती कोपराच्या आतल्या बाजूने, हाडाला अगदी लागून जाते. कोपर कशावर आपटलं की करंट बसतो ना, तीच ही. वर स्नायूंची गादी नाही, त्यामुळे टेबलाची कड थेट नसेवर टेकते. शिवाय हात कोपरात जितका दुमडाल तितकी ती ताणली जाते. ताईंनी मला हात पूर्ण दुमडून मिनिटभर धरायला सांगितलं. मिनिट व्हायच्या आत करंगळीत मुंग्या आल्या.

घरी येऊन टेप काढली. माझी उंची पाच फूट एक इंच. जुन्या खुर्चीची बैठक जमिनीपासून 18 इंच, बैठकीपासून माझं कोपर साडेआठ इंच वर, म्हणजे कोपर आलं साडेसव्वीस इंचांवर. टेबल 30 इंच! साडेतीन इंचांचा हा फरक भरून काढायला मी दिवसभर खांदे उचलून, कोपरं कडेवर टेकवून टाईप करत होते. नवी खुर्चीही मी त्याच उंचीवर ठेवली होती, आणि तिचे हात कडक प्लास्टिकचे, म्हणजे नसेला दाबणारी आणखी एक कड. माझं स्पष्ट मत आहे की आपण पैसे चुकीच्या वस्तूवर घालतो. घरातली टेबलं जेवायच्या सोयीने बनतात, टायपिंगच्या नाही. खुर्ची घेण्याआधी टेप घ्या.

खुर्चीचे हात स्क्रू काढून उतरवले आणि बैठक साडेतीन इंच वर घेतली. आता पाय लोंबकळायला लागले. पाय अधांतरी राहिले की मांडीखाली खुर्चीची कड रुतते आणि माणूस पुढे सरकून पुन्हा टेबलावर रेलतो, त्यामुळे हे सोडून चालत नाही. दोन विटा आडव्या ठेवून त्यांवर पाट ठेवला, साधारण सहा इंच झाले, तळवे पूर्ण टेकले. खुर्ची वर-खाली होत नसेल तर गोधडीची घट्ट घडी घाला. मऊ उशी तासाभरात बसते आणि उंची परत जाते.

लॅपटॉपची अडचण वेगळी. कीबोर्ड हाताला बरोबर आला की स्क्रीन खाली जाते आणि मान वाकते. दोन्ही एकदम साधत नाही. म्हणून साधा वेगळा कीबोर्ड आणि माउस घेतला आणि लॅपटॉप जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यावर चढवला. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली हवी. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर आणखी खाली घ्या, नाहीतर खालच्या काचेतून बघायला हनुवटी वर जाते.

सगळ्यात जास्त फरक मात्र रात्रीने पडला. मी हात दुमडून गालाखाली घेऊन झोपते, म्हणजे दिवसभर दाबलेली नस रात्रभर ताणलेली. ताईंनी झोपताना कोपराभोवती टॉवेल सैलसर गुंडाळायला सांगितला, इतकाच की हात पूर्ण दुमडणार नाही. क्लायंटचे लांबलचक फोनही कानाला धरायचे बंद केले, इअरफोन लावते. आणि दर तीनशे शब्दांनी उठून हात सरळ करते. गजराचं घड्याळ मी बंद करून पुढे टाईप करायचे, शब्दांचा आकडा मात्र आम्हा अनुवादकांना दिसतच असतो.

सकाळच्या मुंग्या तिसऱ्या आठवड्यात कमी झाल्या, पूर्ण जायला अडीच महिने लागले. नस सावकाश बरी होते, चार दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका.

पण काही खुणा दिसल्या तर पाट-टॉवेल करत बसू नका. बधिरपणा चोवीस तास राहत असेल, बरणीचं झाकण फिरवताना जोर लागत नसेल, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला हाताच्या पाठीवरचा मांसल भाग खोलगट दिसत असेल. एक कागद अंगठा आणि तर्जनीच्या कडेमध्ये धरा आणि कुणाला तरी ओढायला सांगा. तो धरून ठेवायला अंगठ्याचं टोक दुमडावं लागत असेल तर स्नायूंची ताकद गेलेली असू शकते. अशा वेळी लगेच डॉक्टरांकडे जा. ते बहुधा नसेची तपासणी करायला सांगतील. स्नायू एकदा वाळायला लागले की गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असं नसतं.