शेवेची मूठ कुणी मोजली?

«भेळ म्हणजे मुरमुरे आणि मुरमुरे म्हणजे हवा. एका प्लेटमध्ये जेमतेम १०० कॅलरी, तेल शून्य. वर शेवेतून डाळीचं प्रोटीन. पाणीपुरीची पुरी मात्र तळलेली, सहा पुऱ्यांत ५०० कॅलरी! डाएटवाल्यांनो, पाणीपुरी सोडा, भेळ खा.»

हा मेसेज माझ्याकडे तीन ग्रुपांवरून आला, एकदा तर खुद्द मावशीकडून. म्हणून परवा कॉलेज रोडच्या एका गाडीवरून भेळ पार्सल आणली. सगळं सुटं बांधून घेतलं आणि घरच्या काट्यावर एकेक पुडी ठेवली.

मुरमुऱ्यांपुरतं मेसेजवाल्याचं खरं आहे. दोन वाट्या मुरमुरे भरले ३० ग्रॅम, म्हणजे साधारण ११० कॅलरी, त्याही जवळजवळ सगळ्या कार्ब्जच्या. त्याचा हिशेब इथेच थांबला. भेळ मात्र इथून पुढे सुरू होते.

शेव बघा. भेळवाला मुरमुरे मापाने घेतो, शेव मुठीने. आधी कालवताना एक मूठ, मग द्रोणात भरल्यावर वरून डोंगर, आणि आपण «भैया, थोडी और» म्हटलं की तिसरी. माझ्या पुडीत शेव निघाली २५ ग्रॅम, मुरमुऱ्यांपेक्षाही कमी. पण तिच्या कॅलरी १४० च्या आसपास आणि त्यात ९ ग्रॅम फॅट, म्हणजे जवळपास दोन चमचे तेल. कारण सरळ आहे. बेसनात आधी मोहन पडतं, मग सोऱ्यातून पडलेली बारीक तार कढईत जाते. पिठातलं पाणी वाफ होऊन निघून जातं आणि त्या जागी तेल शिरतं. तार जितकी बारीक, तितका तेलाला लागणारा पृष्ठभाग जास्त. खात्री करायची तर चमचाभर शेव वर्तमानपत्रावर ठेवून दहा मिनिटांनी उचला, डाग दिसेल.

तीन कडक पुऱ्या चुरून घातल्या होत्या, १५ ग्रॅम. त्यांचे ७५. चिंच-गुळाची चटणी दोन मोठे चमचे, ४० ग्रॅम, त्यांचे ७०. ही चटणी सर्वात लबाड, कारण मुरमुरे ती पिऊन टाकतात आणि द्रोणात काही दिसतच नाही. «साखर नाही, गूळ आहे» हे समाधान चवीपुरतं ठीक. गुळातही बहुतेक साखरच असते. बटाटा, कांदा, टोमॅटो मिळून ५०. हिरवी चटणी हिशेबात न धरली तरी चालेल.

बेरीज ४४५ कॅलरी: कार्ब्ज ७४ ग्रॅम, फॅट १३, प्रोटीन ७. त्या प्रोटीनबद्दल एवढंच सांगतो की एका उकडलेल्या अंड्यातून ६ ग्रॅम मिळतं, तेही ७५ कॅलरीत. शेवेतून आलेलं प्रोटीन ३ ग्रॅम आणि सोबत तिप्पट फॅट. प्रोटीनसाठी शेव खाणं म्हणजे रसासाठी जिलबी खाण्यापैकी आहे.

आता बदनाम झालेली पाणीपुरी. पुरी तळलेली असते, ते खरंच. पण ती आतून पोकळ असते. टम्म फुगलेली एक पुरी ४ ग्रॅमच्या आसपास भरते, सहा मिळून २४ ग्रॅम, म्हणजे १२० कॅलरी आणि ६ ग्रॅम फॅट. आत बटाटा-रगडा ९० ग्रॅम, त्याचे ७५. गोड चटणी पुरीमागे छोटा चमचा, मिळून ५०. तिखट पाण्यात पुदिना, मिरची, मीठ, मसाला. तिथे मोजण्यासारखं काही नाही. एकूण २५० च्या घरात. फॅट भेळीच्या निम्म्याहूनही कमी.

हे आकडे माझ्या पुडीचे आणि सहा पुऱ्यांचे. दुसऱ्या गाडीवरची मूठ मोठी असेल, पुरी चपटी आणि तेलकट असेल, तर हिशेब हलेल. न फुगलेली पुरी जड असते, हातात घेतली की बोटं चकाकतात. घरी करणार असाल तर पाकिटामागे १०० ग्रॅमला फॅट किती ते बघा, शेवेचं आणि पुरीचं दोन्ही.

भेळ सोडायचीच असं नाही. शेव निम्मी आणि पुऱ्या वगळून सांगितली तर तीच प्लेट ३०० वर येते. मी नाशिकच्या गोदाघाटावर, आमच्या भाषेत गंगेवर, गेलो की हेच सांगतो, भेळवाला एकदा माझ्याकडे बघतो आणि सवयीने वरून चिमूटभर टाकतोच.

आणि पाणीपुरीचे ५०० मेसेजवाल्याने आणले कुठून, तेही आता कळतं. सहा पुऱ्यांनंतर फुकटची मसाला पुरी येते, तिच्यावर शेव असते, आणि मग आपण म्हणतो, «अजून एक प्लेट लावा.»