दिवाळीला नव्हे, गेरला येतो म्हण

‘दादा, 1 सप्टेंबरपासून म्युनिकमध्ये नोकरी. इंदूरच्या ग्रुपवर टाकायला लिहिलंय: "खूप आनंदात आहे, मित्रांनो. काळजी करू नका, दिवाळीला घरीच असेन आणि रोज रात्री नऊला फोन." टाकू का?’

आनंद ठेव, वचनं दोन्ही बदल. तुझा मसुदा आमच्या दुसऱ्या एका ग्रुपवर फिरला तेव्हा वाद भलताच रंगला. एक काका म्हणाले, आधी सांगू नये, दृष्ट लागते. दुसऱ्यांना इंदुरातली मराठी मंडळं ओस पडताहेत याचं दुःख. मला वाटतं, मंडळं ओस पडायला पोस्ट कारणीभूत नाही. पण काकांचं अर्धं खरं आहे. जुन्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर आणि पासपोर्टवर व्हिसा, हे दोन्ही हातात येईपर्यंत थांबावं. व्हिसाचा किंवा बोर्डिंग पासचा फोटो तर टाकूच नये. पासवरच्या बारकोडमधून बुकिंगचा तपशील वाचता येतो, आणि तेवढ्यावर कुणी तुझ्या तिकिटाशी खेळू शकतो.

आता दिवाळी. ‘जर्मनीत कायद्यानंच तीस सुट्ट्या मिळतात, भिया, मजा आहे,’ असं एकानं ठासून लिहिलं. तीस दिवस बऱ्याच कंपन्या देतात हे खरं, पण ते करारातून येतात. पाच दिवसांच्या आठवड्याला कायद्याचा किमान आकडा वीसच आहे. शिवाय पूर्ण वर्षाच्या सुट्टीचा हक्क सहा महिने भरल्यावर लागतो. तोवर दर पूर्ण महिन्यामागे बाराव्या हिश्श्यानं सुट्टी जमते. तुझ्या करारात तीस असतील तर महिन्याला अडीच दिवस. यंदा लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला. तोवर तुझे दोनच महिने भरलेले, म्हणजे पाच दिवस. म्युनिकहून इंदूरला थेट विमान नाही. दिल्ली किंवा मुंबईला बदलून जाण्या-येण्यातच दोन दिवस जातात. वर प्रोबेशन, जे बहुधा सहा महिन्यांचं असतं आणि ज्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर कंपनी किंवा तू, कोणीही नातं तोडू शकतं. त्या काळात सुट्टी मागणं गुन्हा नाही, मॅनेजर देऊही शकतो. पण ती मिळणारच असं धरून घरच्यांना शब्द देणं मला पटत नाही. नाही मिळाली तर आई पणती लावताना दाराकडे बघत राहील.

वडोदऱ्याच्या एक काकू मध्येच म्हणाल्या, ‘आमच्या मुलाला कॅनडात दोनच आठवडे सुट्टी, तुम्ही कसली तक्रार करता!’ तक्रार नव्हतीच, हिशेब होता.

हिशेब पुढे नेऊ. सप्टेंबर ते डिसेंबर चार महिने, म्हणजे वर्षअखेर दहा दिवस. वर्षाच्या उत्तरार्धात रुजू झालेल्याची ही तुटपुंजी सुट्टी मागितली तर पुढच्या वर्षात नेता येते. मात्र ती आपोआप पुढे जात नाही, डिसेंबरातच लेखी मागावी. तोंडी ‘ठीक आहे’वर राहिलेले नंतर हळहळतात. फेब्रुवारीअखेर प्रोबेशन संपेल आणि मार्चअखेर रंगपंचमी. राजवाड्यावरची गेर, रंगपंचमीची ती रंगांची मिरवणूक, बघायला येतो, हे वचन दिवाळीपेक्षा कितीतरी टिकाऊ आहे.

रोज नऊच्या फोनचं तर ऑक्टोबरातच अवघड होईल. उन्हाळी वेळेत म्युनिक इंदूरच्या साडेतीन तास मागे असतं, म्हणजे घरच्या नऊला तिथे साडेपाच. कसंबसं जमेल. पण 25 ऑक्टोबरला घड्याळं एक तास मागे जातील, फरक साडेचार तासांचा होईल आणि घरचे नऊ तिथे साडेचार, म्हणजे ऐन ऑफिसात. आठवड्यातून एकदा, रविवारी इंदूरच्या संध्याकाळी साडेसातला ठेव. तेव्हा तिथे दुपारचे तीन किंवा चार असतील आणि घड्याळ बदललं तरी इंदूरची वेळ हलणार नाही. रोजच्यासाठी दोन ओळींचा व्हॉइस मेसेज पुरे. एक मित्र म्हणतो, रोज आवाज ऐकला नाही तर आई जेवत नाही. त्यावर माझ्याकडे तोडगा नाही, तो तिच्याशीच बोलून ठरवावा लागेल.

व्हॉट्सअॅपचा जुना नंबर तसाच ठेव, कुणाला नवा नंबर सेव्ह करावा लागणार नाही. मात्र सिम जिवंत हवं, नाहीतर बँकेचा ओटीपी अडतो. निघण्याआधी रोमिंग सुरू करून घे आणि रिचार्जची तारीख बाबांना नाही, स्वतःच्या फोनला सांग.

मग पोस्ट अशी: ‘म्युनिकला नोकरी लागली, आनंद पोटात मावत नाही. दिवाळीला जमेल का माहीत नाही, पण गेरला यायचा बेत पक्का. रविवारी साडेसातला फोन. सराफ्यातली माझी जागा धरून ठेवा.’