‘दरमहा तीस हजार’ म्हणजे हातात किती?

प्रतिक्रिया: “ताई, मैत्रिणीला लिहिलेलं तुमचं पत्र एकतर्फी वाटलं. माझी बहीण सरकारी दवाखान्यात कंत्राटी सिस्टर आहे, तिचे पैसे दोन-दोन महिने रखडतात. नाशिकच्या मोठ्या खासगी हॉस्पिटलात तीस हजार मिळतात आणि आयसीयू शिकायला मिळतं. खेड्यातल्या पोस्टिंगमध्ये काय शिकणार?”

सप्रेम नमस्कार.

नाशिकच्या खासगी नोकरीऐवजी खेड्यातली सरकारी नेमणूक घे, असे मी त्या पत्रात मैत्रिणीला सुचवले होते. आपल्या भगिनींच्या बाबतीत आपले म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. माझ्या मैत्रिणीच्या हातात अधिपरिचारिका पदाचा नियमित नेमणुकीचा आदेश होता, आणि हे मी पत्रात स्पष्ट लिहायला हवे होते. कंत्राटी नेमणुकीत ठरावीक मानधन असते. नियमित वेतनश्रेणी आणि महागाई भत्ता नसतो. त्यामुळे पुढचा हिशेब त्यांना लागू होत नाही आणि त्यांनी खासगी नोकरीचा विचार केला, तर त्यात मला काहीही वावगे वाटत नाही.

तीस हजारांबाबत मात्र माझे मत वेगळे आहे. मैत्रिणीला नाशिकमधल्या मुंबई नाक्याजवळच्या एका १२० खाटांच्या रुग्णालयाने दिलेल्या पत्रातही हाच आकडा होता, पण तो ‘सीटीसी’चा होता, म्हणजे तिच्यावर रुग्णालयाचा होणारा एकूण खर्च. त्यात मूळ वेतन १५,००० होते. मालकाच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी १,८०० आणि ग्रॅच्युइटीची तरतूद साधारण ७२० वजा केल्यावर २७,४८० उरतात. त्यातून तिच्या स्वतःच्या वाट्याचे १,८०० आणि व्यवसाय कर २०० कापले की खात्यात २५,४८० जमा होतात. ग्रॅच्युइटीची ती रक्कमही साधारणपणे पाच वर्षे सलग नोकरी झाली तरच मिळते, आणि रात्रपाळ्यांना कंटाळून दोन-तीन वर्षांत सोडून गेलेल्या सिस्टर मी किती तरी पाहिल्या आहेत.

सरकारी अधिपरिचारिकेचे सातव्या वेतन आयोगातले सुरुवातीचे मूळ वेतन ३५,४०० आहे. महागाई भत्ता ५० टक्के धरला, तर बेरीज ५३,१०० होते. निवृत्तिवेतनासाठी दहा टक्के, म्हणजे ५,३१०, आणि व्यवसाय कर २०० गेल्यावर साधारण ४७,५९० हातात येतात. घरभाडे भत्ता मी यात धरलेला नाही आणि इतर किरकोळ कपातीही सोडल्या आहेत. नर्सेसच्या वेतनासाठी २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नेमलेल्या तज्ज्ञ समितीने शंभर ते दोनशे खाटांच्या खासगी रुग्णालयातील वेतन राज्य सरकारच्या समकक्ष वेतनापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक कमी असू नये, असे सुचवले होते. ती शिफारस आणि मैत्रिणीच्या हातातले पत्र यांतले अंतर मी पत्रात दाखवले, म्हणून ते आपल्याला एकतर्फी वाटले असावे.

आता शिकण्याविषयी. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाची सेवा खेड्यातल्या नेमणुकीत शिकायला मिळत नाही, हे खरे आहे, आणि ज्यांना क्रिटिकल केअरमध्येच पुढे जायचे आहे त्यांच्यासाठी आपला मुद्दा योग्य आहे. पण पेठ तालुक्यातल्या माझ्या पहिल्या पावसाळ्यातली एक रात्र सांगते. आठव्या महिन्यातली गरोदर बाई झटके येत असताना आणली गेली. रक्तदाब १७०/११० होता आणि डॉक्टर दुसऱ्या प्रसूतीत अडकले होते. त्यांनी तिथूनच आदेश दिला. झटके थांबवणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटच्या दहा ॲम्प्यूल मी फोडल्या. प्रत्येकीत एक ग्रॅम औषध असते. पाच ग्रॅम एका नितंबात आणि पाच ग्रॅम दुसऱ्यात, खोल स्नायूत दिले. १०८ ची गाडी येईपर्यंत तिचा श्वास मोजला, गुडघ्याचा प्रतिक्षेप पाहिला आणि कॅथेटर घालून लघवी मोजली, कारण श्वास मिनिटाला सोळाच्या खाली गेला, प्रतिक्षेप नाहीसा झाला किंवा लघवी कमी झाली, तर औषध अंगावर येऊ लागल्याचे ते लक्षण असते आणि पुढचा डोस थांबवावा लागतो. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट ट्रेमध्ये काढून ठेवले होते. सावळघाट ओलांडून नाशिकला पोहोचेपर्यंत तिच्याजवळ मीच बसले होते. नर्स म्हणून निर्णय घ्यायला मी त्या रात्री शिकले.

याचा अर्थ सरकारी वॉर्डात सगळे सुखाचे आहे, असा मुळीच नाही. भारतीय परिचर्या परिषदेचा सर्वसाधारण वॉर्डासाठीचा निकष पाच रुग्णांमागे एक नर्स असा असताना मी रात्रपाळीत एकटीने चाळीस रुग्ण सांभाळले आहेत. अशा रात्री इंजेक्शनच्या वेळा पाळल्या जातात, पण कुशीवर वळवणे आणि पाठ पाहणे राहून जाते, आणि चौथ्या दिवशी माकडहाडाजवळ बेडसोअरची सुरुवात सांगणारा लाल चट्टा दिसतो. हे मी मैत्रिणीलाही कळवले होते.

आपल्या भगिनी खासगी रुग्णालयाकडे वळणार असतील, तर एक गोष्ट त्यांना अवश्य सांगा. मी एका रुग्णालयात रुजू होताना दोन वर्षांच्या बाँडसोबत जीएनएमचे मूळ प्रमाणपत्र आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेचे नोंदणीपत्र देऊन बसले होते. सरकारी भरतीत कागदपत्र पडताळणीची तारीख आली, तेव्हा ते परत मिळवण्यासाठी मला अकरा दिवस खेटे घालावे लागले. आपल्या भगिनींनी मूळ कागद फक्त दाखवावेत आणि साक्षांकित प्रती द्याव्यात.